पोचकाकूंचा नंबर

कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलामागे एक बाई बसत. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळं कॉलेज त्यांना पोचकाकू म्हणे. कुणी फी भरून आलं, अर्ज देऊन आलं, हरवलेलं ओळखपत्र मागायला जाऊन आलं, की काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला: "पोच घेतलीस का?" नसेल घेतली, तर त्या पोराला आल्या पावली परत पाठवत. तोंडी कबुलीवर विश्वास ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धवटच होता.

याला कारण होतं. सतरा वर्षांच्या असताना काकूंनी स्वतः एका शिष्यवृत्तीचा अर्ज खिडकीतून आत दिला होता. आतल्या कारकुनाने "ठीक आहे" म्हटलं आणि खिडकी लावली. दोन महिन्यांनी तोच कारकून म्हणाला, असा अर्ज आलाच नाही. शिक्षिका व्हायला निघालेली मुलगी बारावीवर थांबली आणि पुढे पुस्तकं पुसायच्या नोकरीला लागली. त्या "ठीक आहे"चा राग काकूंच्या मनातून कधी गेला नाही. आणि तो जावा असं त्यांना वाटतही नव्हतं, हे त्यांच्या नवऱ्याचं मत. नवरा घड्याळं दुरुस्त करी आणि बायकोच्या बाबतीत सहसा बरोबर असे.

म्हणून दुपारी ग्रंथालय रिकामं झालं की काकू कोपऱ्यातल्या संगणकावर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देत. एक पैसा घेत नसत. कुणी बिस्किटाचा पुडा आणला तर त्यालाच उघडायला लावून सगळ्यांत वाटत. त्यांची एक पद्धत होती. मुलांचे मोबाइल म्हणजे आज आहे, उद्या नाही. सिम बदलतात, फोन भावाकडे जातो, रिचार्ज संपतो. शिष्यवृत्ती देणाऱ्या एका फाउंडेशनचा निरोप आला आणि पोराला मिळालाच नाही, असं दोनदा झाल्यावर काकूंनी कानाला खडा लावला. तेव्हापासून अर्जात संपर्काचा नंबर त्या स्वतःचा घालत आणि ईमेलही स्वतःचाच. पासवर्ड एका निळ्या वहीत. निरोप यायचे ते काकूंकडे, आणि काकूंकडे आलेला निरोप कधी हरवत नसे.

अर्जाच्या शेवटी एक रकाना असे: 'अर्ज भरण्यास मदत केली असल्यास मदत करणाऱ्याचे नाव व नाते'. तो काकू दर वेळी कोरा सोडत. "माझं नाव कशाला मिरवायचं?" म्हणत. या रिकाम्या रकान्याने पुढे काय करून ठेवलं ते आता सांगतो.

रंगाऱ्याची मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाला नुकती लागली होती. बाप इमारतींना रंग देई, आई वसतिगृहात स्वयंपाकाला. पहिल्या वर्षाची निम्मी फी कशीबशी भरलेली, बाकीच्याला हमीपत्र. मुलगी उंच, बोलायला तिखट आणि कागदपत्रांच्या बाबतीत अगदी अडाणी.

"काकू, एका फाउंडेशनची जाहिरात बघितली. भरू का?"

"आधी बसतंय का ते बघू. अर्ज नंतर." काकूंनी त्या ओळखीच्या फाउंडेशनच्या नियमांचं पान उघडलं. "बारावीला साठ टक्के?"

"एकाहत्तर."

"पहिल्या वर्षाला प्रवेश आहे. मधे वर्ष वाया गेलेलं?"

"नाही."

"दुसरी कुठली शिष्यवृत्ती याच फीसाठी घेतेस? नीट आठवून सांग. एकाच फीचे पैसे दोघांकडून घेतलेले चालत नाहीत."

"नाही हो."

"उत्पन्नाचा दाखला आण. आईबापांचं मिळून. आणि सरलेल्या वर्षाचा हवा, जुना मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेला नको."

मुलीने अर्थातच जुनाच आणला. काकूंनी परत पाठवली. दुसऱ्यांदा आणला त्यावर आईची कमाई धरलेली नव्हती. पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला मुलगी वैतागली: "काकू, त्यांना काय कळणार आहे?"

"त्यांना नाही कळलं तरी तुला कळतंय ना?" काकू म्हणाल्या. "खोटं लिहिलेला कागद म्हातारा होत नाही बाई. कधीही उठून उभा राहतो."

मग काकूंनी अर्ज भरला. मुलगी शेजारी बसून सांगे, काकू टाइप करत. निबंध मात्र मुलीने लिहिला. तोही काकूंनी दोनदा फाडायला लावला. शेवटचं 'सादर करा' काकूंनीच दाबलं, पोच छापली, मुलीच्या हातात दिली. मुलीने ती चारदा वाचली.

मुलाखतीचा निरोप काकूंच्या फोनवर आला. फाउंडेशनच्या कार्यालयात तीन माणसं बसतात, एक डॉक्टर, एक हिशेबतपासनीस आणि एक शिष्यवृत्तीचं कामकाज पाहणाऱ्या बाई, हे काकूंना आधीच्या मुलांकडून ठाऊक होतं. त्यांनी आठवडाभर मुलीला प्रश्न विचारले. हाच अभ्यासक्रम का? नापास झालीस तर? शिष्यवृत्ती नाही मिळाली तर काय करशील? मुलगी धडाधड उत्तरं देई. एक प्रश्न मात्र काकूंच्या डोक्यातच आला नाही, आणि तो तिथे विचारला गेला. मुलीने त्याचं काय उत्तर दिलं, ते तिने परत येऊन सांगितलं नाही. तिला ते सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं.

शिष्यवृत्ती मिळाली. तीन वर्षं, दर वर्षाची फी थेट कॉलेजला. सोबत चार पानांचा करार: दर सत्राच्या निकालानंतर तीस दिवसांत गुणपत्रिका द्यायची. वर्षअखेरीला वार्षिक अहवाल, फीची पावती, स्वतःच्या शब्दांत एक पानाचं प्रगतिपत्र. पत्ता, अभ्यासक्रम किंवा घरची परिस्थिती बदलली, दुसरी मदत मिळाली, तर लगेच कळवायचं. अहवाल मंजूर झाल्याशिवाय पुढच्या वर्षाचा हप्ता नाही. काकूंनी एकेक कलम वाचून दाखवलं. मुलगी हो हो म्हणाली आणि सही केली. त्या दिवशी तिच्या बापाने ग्रंथालयाचा दरवाजा फुकट रंगवून देऊ का म्हणून विचारलं. काकूंनी त्याला असं झापलं की बिचारा ब्रश न आणताच परत गेला.

पहिल्या सत्राची गुणपत्रिका काकूंनीच चढवली. मुलीला सांगितलं, "आण, ठेव, जा. तुझी प्रात्यक्षिकं बुडतील." मुलगी निवांत होती. अशी अकरा मुलं निवांत होती.

पहिलं वर्ष संपलं, त्यानंतरची गोष्ट. एका सकाळी काकू परत आलेली पुस्तकं मांडत होत्या आणि टेबलावरचा फोन वाजला. मेलचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा. मग पुन्हा. काकूंनी आधी लक्ष दिलं नाही. पाचव्या आवाजाला त्या थांबल्या. सातव्याला शिडीवरून उतरल्या. अकरा मेल आले होते, एकसारखे. फक्त वरचं नाव निराळं.

'आपल्या अर्जातील संपर्क क्रमांक व ईमेल इतर दहा लाभार्थ्यांच्या अर्जांतही आढळला आहे. मदतनीसाचा रकाना रिक्त आहे. मध्यस्थाचा सहभाग असल्याच्या शक्यतेची पडताळणी होईपर्यंत आपला पुढील हप्ता थांबवण्यात येत आहे. पंधरा दिवसांत स्वतः खुलासा करावा.'

काकूंच्या हातातलं पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं, आणि हे त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा झालं.

दोन दिवस त्या कुणाला बोलल्या नाहीत. मुलं येत, पुस्तकं नेत, हसत. अकरा पोरांचं पुढचं वर्ष अडकलं होतं आणि एकालाही पत्ता नव्हता, कारण पत्ता काकूंचा होता. रंगाऱ्याची मुलगी येऊन म्हणाली, "काकू, यंदा सूक्ष्मदर्शकावर मला एकटीला काम देणार आहेत!" काकू म्हणाल्या, "छान." मुलगी गेल्यावर त्या बराच वेळ त्याच पानावर शिक्का मारत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खुलासे लिहायला घेतले. 'मी स्वतः अर्ज भरला असून...' असं पहिलं वाक्य टाइप केलं. मग दुसऱ्या मुलाचं. प्रत्येकाची भाषा जरा निराळी हवी, एकसारखी दिसायला नको, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो विचार आल्याबरोबर त्यांनी लिहिलेलं सगळं खोडून टाकलं. मध्यस्थ नेमकं हेच करत असणार. इथेच बसून. अशाच वहीतून.

घरी त्यांनी नवऱ्याला सांगितलं. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं.

"तू पैसे घेतलेस?"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"मग घाबरतेस कशाला? जा आणि सांग."

"हात दाखवून अवलक्षण झालं हो. बघून कोण म्हणेल मी घेतले नाहीत?"

नवऱ्याने भिंग पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मुलांना बोलावून मेल दाखवले. कुणी रडलं, कुणी "काकू, तुम्हीच काहीतरी लिहा ना" म्हणालं. सगळे गेल्यावर रंगाऱ्याची मुलगी टेबलाशी आली.

"काकू, मुलाखतीत मला विचारलं होतं. हा नंबर कुणाचा म्हणून."

"मग?"

"मी म्हटलं, आत्याचा."

"का?"

"नात्याचं कुणी असावं असं त्यांना वाटत होतं. आणि तुम्ही आहातच ना तशा," मुलगी म्हणाली.

काकूंना तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. त्यांनी दोन्हीपैकी काही केलं नाही.

मग दोघी खुलासा द्यायला गेल्या. फाउंडेशनचं कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं. पांढऱ्या भिंती, काचेचं दार, आणि पाणी विचारणारा इतका मऊ आवाज की त्याचीच भीती वाटावी. पडताळणीचे साहेब तरुण होते. त्यांनी काकूंना बसवलं, मुलीला बसवलं आणि एक कागद पुढे सरकवला.

"मुलाखतीच्या नोंदी आहेत, बाई. या एका नंबराच्या तीन आत्या आहेत, चार मावश्या, दोन काकू, एक शेजारीण आणि एक आजी."

"आजी कोण म्हणालं?" काकूंच्या तोंडून निघून गेलं. त्रेपन्न वर्षांच्या बाईला ते लागणारच. साहेब हसले नाहीत.

"दोन वर्षांपूर्वी एका माणसाने असेच चौदा अर्ज भरले. नंबर त्याचा, ईमेल त्याचा. मुलांकडून वर्षभर हिस्सा घेत होता. मुलं बोलायला घाबरत होती. तेव्हापासून आम्ही हे तपासतो. तुमच्यावर आरोप नाही. पण मला सांगा, मी फरक कसा ओळखायचा?"

काकूंनी सगळं सांगितलं. बदलणारे सिम, हरवलेले निरोप, निळी वही. वहीसुद्धा टेबलावर ठेवली. साहेबांनी ती चाळली आणि त्यातले पासवर्ड बघून त्यांचा चेहरा आणखी गंभीर झाला.

"तुम्ही मोबदला घेतला नाही, याचं काही लेखी?"

जन्मभर दुसऱ्यांकडे पोच मागणाऱ्या त्या बाईकडे आता पोच मागितली जात होती. न घेतलेल्याची पोच कुठल्या खिडकीवर मिळते? सतरा वर्षांची असताना दिलेल्याची पोच नव्हती, आता न घेतलेल्याची नव्हती. काकूंना रडू आलं, आणि त्यांनी ते तिथेच, त्या पांढऱ्या खोलीत, रडून घेतलं.

मग मुलगी बोलली. "सर, मी खोटं बोलले. या माझ्या कुणी नाहीत. ग्रंथालयात काम करतात. बिस्किटाचा पुडासुद्धा घेत नाहीत."

साहेबांनी ते लिहून घेतलं. निर्णय आठ दिवसांनी आला. बाकी दहा जणांनी स्वतःचा नंबर आणि स्वतःचा खुलासा दिला की त्यांचे हप्ते सुटणार होते. रंगाऱ्याच्या मुलीने मुलाखतीत चुकीची माहिती दिल्याचं साहेबांसमोर कबूल केल्याने तिला ताकीद होती: यापुढे सर्व अहवाल स्वतः, संकेतस्थळावरच्या स्वतःच्या खात्यातून. वार्षिक अहवाल महिनाअखेर, संध्याकाळी पाचपर्यंत. यात कसूर झाल्यास शिष्यवृत्ती बंद. आणि पोचकाकूंनी कोणत्याही लाभार्थ्याचं खातं हाताळू नये.

"सुटलो," मुलगी म्हणाली. काकूंना सुटल्यासारखं वाटलं नाही. त्यांनी निळी वही नवऱ्याच्या दुकानातल्या कुलपाच्या खणात टाकली. फोन मुका झाला. आधी दिवसातून दहा निरोप यायचे. आता नुसत्या जाहिराती. मुलीला आठवण करावी का? करू नये. हाताळू नये म्हणजे बोलूही नये का? दुधाने तोंड पोळलेल्या काकू ताकही फुंकायला लागल्या होत्या. महिन्याच्या विसाव्या तारखेला त्यांनी जिन्यात मुलीला नुसतं विचारलं, "चाललंय ना?" मुलगी म्हणाली, "हो काकू, सगळं भरतेय." काकूंनी पुढचा प्रश्न गिळला.

शेवटच्या दिवशी दुपारपासून ग्रंथालयातलं घड्याळ फार मोठ्याने चालत होतं. चार वाजले. काकूंनी एकाच विद्यार्थ्याला एकच पुस्तक दोनदा नोंदवून दिलं. साडेचार. पाच. पाच वाजून वीस मिनिटांनी मुलगी आली, पांढरा कोट अजून अंगातच, चेहऱ्यावर हसू.

"झालं काकू! गुणपत्रिका, पावती, पत्र, सगळं मी. एकटीने."

"पोच?" काकू म्हणाल्या. एवढं विचारायला तरी बंदी नसेल.

"पोच नाही आली. पण ते आपोआप सेव्ह होतं ना." तिने फोन पुढे केला.

काकूंनी चष्मा लावला. गुणपत्रिका होती. पावती होती. एक पानाचं पत्रही होतं, त्यात सूक्ष्मदर्शकाबद्दल लिहिलेलं. आणि वर कोपऱ्यात लहान करड्या अक्षरांत: 'मसुदा. सादर केलेला नाही.' त्याखाली लाल पट्टी: 'मुदत संपली आहे.'

"हे शेवटचं बटण का नाही दाबलंस गं?"

"कुठलं?" मुलगी खरंच गोंधळली होती. तिने स्क्रीन वरखाली सरकवली. "काकू, ते बटण दर वेळी तुम्हीच दाबायचात. मला कधी दाखवलंच नाहीत."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर काकूंना काही बोलता तरी आलं असतं. अकरा मुलांना त्यांनी पोच घ्यायला शिकवलं होतं, पण पोच येते कशाने ते एकालाही शिकवलं नव्हतं. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला, कारकुनाच्या जागी, त्या स्वतःच इतकी वर्षं बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फोनवर सांगितलं की नियमाप्रमाणे शिष्यवृत्ती बंद झाली आहे. फेरविचाराचा एक अर्ज करता येतो. मंजूर होतोच असं नाही, सहसा होत नाही. मुलीने फोन ठेवला. दुपारी ती कोपऱ्यातल्या संगणकासमोर बसली. काकू शेजारच्या स्टुलावर, दोन्ही हात मांडीत दाबून धरलेले. मुलगी एका बोटाने टाइप करी. चुकलं की पुसून टाकी. काकूंची बोटं नुसती वळवळत होती, पण त्यांनी ती उचलली नाहीत. घडलं ते सगळं मुलीने लिहिलं, आत्यासकट.

शेवटी तो रकाना आला.

"नाव तुमचं घालते," मुलगी म्हणाली. "खरं नाव सांगा." काकूंनी सांगितलं. तिने ते पहिल्यांदाच ऐकलं.

"नातं काय लिहू?"

"खरं तेच लिही. या वेळेला तरी."

मुलीने एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'काही नाही'. मग तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, स्टूल मागे सरकवलं आणि तिला ते बटण बोटाने दाखवलं.